शेअरिंगच्या गाडीची पहिली फेरी: आधीचा चरा नोंदवायचा राहतो, नाहीतर गाडी उघडतच नाही

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या मंडळींकडून दोन तक्रारी सारख्या येतात. पहिली अशी, की गाडी परत लावल्यावर आठवड्याभराने कंपनीचा मेल आला, मागच्या चाकाच्या रिमवर चरा आहे आणि शेवटचे बुकिंग तुमचे होते. दुसरी अशी, की गाडीसमोर उभे राहून ॲपमधले बटण दाबले, चक्र फिरत राहिले आणि दार काही उघडले नाही. वरवर या दोन वेगळ्या अडचणी दिसतात. पण दोन्ही पहिल्या दहा मिनिटांतल्या आहेत आणि एकमेकींत गुंतलेल्याही. दार उघडत नाही म्हणून घाई होते, घाईत गाडीभोवतीची फेरी राहते आणि मेल येतो तो त्या राहिलेल्या फेरीचा.

ॲपवरून तासांवर गाडी देणारी ग्रीनव्हील्स ही कंपनी १९९५ साली रॉटरडॅममध्ये सुरू झाली. मायव्हील्स, ग्रीनव्हील्स किंवा आणखी कुठलीही कंपनी घ्या, गाडीपाशी माणूस कोणीच नसतो. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर एक जण कागद घेऊन तुमच्याबरोबर गाडी पाहतो आणि दोघे सही करता. इथे त्या कागदाची जागा ॲपमधल्या नोंदीने घेतली आहे. तुमच्या आधीच्या चालकाने गाडी बंद केल्याची वेळ सर्व्हरवर असते, तुम्ही ती उघडल्याची वेळही असते. नवा चरा या दोन वेळांच्या मधे नोंदला गेला तर तो तुमचा नाही हे दाखवणे सोपे. उघडून, चालवून मग नोंदला तर तो तुमच्या वेळेत पडतो आणि उलटे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्याकडे येते. पैशाचा प्रश्न `eigen risico` या रकमेचा आहे, म्हणजे विमा असूनही नुकसानीतला तुमच्या खिशातून जाणारा वाटा. तो किती हे तुमच्या ॲपमध्ये दराच्या पानावर लिहिलेले असते. गाडीकडे निघण्याआधी ते एकदा वाचा. हा वाटा कमी करण्याचा जादा पर्याय कंपनी देत असेल तर तो बहुतेक वेळा बुकिंग करतानाच घ्यावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बाहेरून फेरी, मग ॲपमधली जुनी यादी, मग नवी नोंद, आणि त्यानंतरच दार. काही ॲप्स उघडण्याच्या बटणाआधी स्वतःच विचारतात, की नवीन नुकसान दिसते का. त्यावर सवयीने «नाही» दाबून पुढे जाणे म्हणजे गाडी न पाहताच ती धड असल्याचे लिहून देणे. काही ॲप्स विचारत नाहीत. त्यांच्यात ही नोंद बुकिंगच्या पानावर, गाडीच्या माहितीखाली किंवा मदतीच्या मेनूत असते. शब्द शोधायचे ते `Schade melden`, म्हणजे नुकसान कळवा, आणि `Bekende schade`, म्हणजे आधीच माहीत असलेले नुकसान. ॲप इंग्रजीत असले तरी जागा तीच.

फेरीसाठी बुकिंगच्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचा. बाहेरून पाहायला दार उघडावे लागत नाही, त्यामुळे घड्याळ सुरू व्हायच्या आत हे काम होते. सुरुवात नंबर प्लेटपासून करा. एकाच रस्त्यावर एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उभ्या असतात. पिवळ्या प्लेटवरची अक्षरे ॲपमधल्या अक्षरांशी जुळवून पाहा. दार न उघडण्याचे सर्वांत साधे कारण हेच असते, की शेजारची गाडी टिकटिकते आहे आणि तुम्ही दुसरीचे हँडल ओढता आहात.

नुकसान कुठे असते हे माहीत असेल तर डोळा तिथे आधी जातो. नेदरलँड्समध्ये गाडी उजवीकडून चालते आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूने फुटपाथाला लागते. त्यामुळे फुटपाथाच्या काठाने खरवडलेल्या रिम उजव्या चाकांवर जास्त सापडतात, त्यातही मागच्या उजव्या चाकावर. त्यानंतर बघायचे मागच्या बंपरचे दोन कोपरे, दोन्ही आरशांची बाहेरची कडा, दारांच्या कडा आणि पुढच्या बंपरची खालची बाजू. आरशावर सायकलच्या हँडलने चरा पडतो. बंपरखाली बसल्याशिवाय काही दिसत नाही, तेव्हा एकदा खाली बसा. पुढच्या काचेवर खडा लागून पडलेला लहानसा तारा असतो, त्याला `sterretje` म्हणतात. तो आज दिसला नाही आणि थंडीत तडा लांबला, तर तो कुणाचा यावर वाद होतो. टायरवर फुगवटा आहे का, तेही याच फेरीत पाहा.

पाऊस आणि अंधार हे इथले नेहमीचे अडथळे. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ओल्या रंगावर बारीक चरे लपतात. खिशात दोन टिश्यू ठेवा आणि संशय येईल तेवढाच भाग पुसा. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला की काच आणि रंग चमकतात, चरा मात्र नाहीसा होतो. टॉर्च पत्र्याला लागून, एका बाजूने तिरका धरा. मग चऱ्याच्या कडेला सावली पडते आणि पोचा असेल तर प्रकाशाची रेघ वाकते. मळाचा ओघळ की चरा हे ओळखायला ओले बोट फिरवा. ओघळ पुसला जातो. नख अडकले तर चरा वरच्या पारदर्शक थराच्या खाली गेलेला आहे आणि तो नोंदवायलाच हवा.

आता ॲपमधली जुनी यादी. अनेक ॲप्समध्ये गाडीच्या आकृतीवर ठिपके किंवा फोटोंची ओळ असते. तुम्हाला दिसलेली प्रत्येक गोष्ट या यादीशी पडताळा. यादीत असेल तर सोडून द्या. यादीत आहे पण आता मोठी दिसते, तर तीही नव्याने नोंदवा आणि `groter dan gemeld` असे लिहा, म्हणजे कळवलेल्यापेक्षा मोठे. यादीतला फोटो धूसर असेल आणि हे तेच की दुसरे ते कळत नसेल, तरीही नोंदवा. दोनदा नोंदवल्याने तुमचे नुकसान होत नाही, न नोंदवल्याने होऊ शकते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. आम्सटलफेनमध्ये शनिवारी सकाळी १० ते दुपारी २ असे बुकिंग आहे, गाडी कालव्याकाठी उभी आहे आणि तुम्ही ९.५० ला पोहोचलात. फेरी मारताना उजव्या मागच्या रिमवर खरवडल्याची पांढरी रेघ दिसली. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याला हलका पोचा आहे. ॲपच्या यादीत एकच नोंद आहे, पुढच्या बंपरवरच्या चऱ्याची. म्हणजे नवे दोन. प्रत्येकाचे तीन फोटो काढायचे. पहिला चार पावलांवरून, गाडीची ती बाजू, नंबर प्लेट आणि मागचा रस्ता दिसेल असा. दुसरा सुमारे एक मीटरवरून, ते चाक किंवा तो कोपरा पूर्ण दिसेल असा. तिसरा वीत-दीड वीत अंतरावरून, तिरका. या तिसऱ्यात शेजारी १ युरोचे नाणे धरा, पत्र्याला टेकवू नका. त्याचा व्यास २३.२५ मिमी आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला लांबीचा अंदाज लगेच येतो. बँकेचे कार्ड धरायची सवय असेल तर सोडा, त्यावरचा क्रमांक फोटोत जातो.

नुसत्या जवळच्या फोटोवर नोंद अडते. पांढऱ्या रेघेचा फोटो कुठल्याही गाडीचा असू शकतो. प्लेट असलेला पहिला फोटो त्या रेघेला या गाडीशी बांधतो.

मजकुरात बाजू लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात. डावे-उजवे नेहमी चालकाच्या सीटवर बसून पुढे पाहताना धरायचे. गाडीच्या समोर उभे राहून पाहाल तर नेमके उलटे होते. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्याने «चालकाची बाजू» म्हणजे उजवी हे डोक्यात बसलेले असते. इथे चालक डावीकडे बसतो, म्हणून «चालकाची बाजू» असे लिहूच नका. डच शब्द चार: `linksvoor`, `rechtsvoor`, `linksachter`, `rechtsachter`, म्हणजे डावे पुढे, उजवे पुढे, डावे मागे, उजवे मागे. चऱ्याला `kras`, पोच्याला `deuk`, रिमला `velg`, आरशाला `spiegel`. वरच्या उदाहरणात दोन ओळी पुरतात:

```
Kras op velg rechtsachter, ca. 6 cm.
Deuk in achterbumper linksachter. Beide aanwezig vóór start rit.
```

दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या वाक्याचा अर्थ, दोन्ही गोष्टी प्रवास सुरू होण्याआधीच होत्या. इंग्रजीत लिहिले तरी चालते, पण हे वाक्य कुठल्या तरी भाषेत हवेच. फॉर्ममध्ये कधी कधी विचारतात, की हे तुमच्याकडून झाले की तुम्हाला आढळले. हा प्रश्न डोळ्यांखालून निसटतो आणि पहिला पर्याय आपोआप निवडलेला राहतो. पाठवण्याआधी परत वर जाऊन तो पाहा, कारण चुकीचा पर्याय गेला तर तुमचीच नोंद तुमच्याविरुद्ध कबुली होते.

पाठवल्यावर पोच मिळाल्याचा पडदा येईपर्यंत थांबा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या, घड्याळ दिसेल असा. सहा फोटो कमकुवत नेटवर्कवर चढायला वेळ लागतो. चक्र फिरत असताना ॲप बंद केले तर काही वेळा मजकूर जातो आणि फोटो राहतात. दोन-तीन मिनिटांत काही हलले नाही तर एका वेळी एकच फोटो चढवून पाहा. ॲपमधला कॅमेरा काळा पडदा दाखवत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी नाही. ती देऊन ॲप पुन्हा सुरू करा. काहीच जमत नसेल तर ॲपमधल्या नंबरावर फोन करा आणि «माझ्या बुकिंगवर ही नोंद लिहून ठेवा» असे स्पष्ट सांगा, मग फोटो मेलने पाठवा. फोटोंच्या मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून काढल्याची वेळ आणि जागा ही माहिती गळून जाते. घरच्यांना पाठवून मूळ फाइल पुसली, तर पुराव्यातला कामाचा भाग गेला.

दहा वाजले. आता दार.

बटण दाबल्यावर काय होते ते कळले की अडचण कुठे आहे हे शोधता येते. तुमच्या फोनवरून आज्ञा कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर तुमचे बुकिंग आणि वेळ तपासतो, मग मोबाइल नेटवर्कवरून गाडीतल्या एका छोट्या पेटीला सांगतो आणि ती पेटी सेंट्रल लॉक उघडते. म्हणजे नेटवर्क दोघांना लागते, तुमच्या फोनला आणि गाडीलाही. काही गाड्यांत पेटी ब्लूटूथनेही ऐकते, तेव्हा गाडीला नेटवर्क नसले तरी चालते.

बटण राखाडी असेल, दाबलेच जात नसेल, तर अडचण फोन किंवा गाडीत नसून खात्यात आहे. बुकिंगची वेळ झालेली नाही, पैसे भरायची पद्धत पूर्ण झालेली नाही किंवा लायसन्सची तपासणी अडली आहे. लायसन्सच्या बाबतीत आपल्या लोकांना लागू असलेला नियम असा, की नेदरलँड्समध्ये रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून भारतीय लायसन्सवर १८५ दिवस गाडी चालवता येते. त्यानंतर डच लायसन्स लागते. ३०% रूलिंग ही करसवलत मिळालेल्यांना ते अदलाबदलीने मिळते, त्यासाठी अर्ज राहत्या गावाच्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तेत करायचा. त्यापुढे कंपनी भारतीय लायसन्स स्वीकारते का, हा तिचा स्वतःचा नियम असतो. म्हणून तपासणी पूर्ण झाल्याचा संदेश आल्यावरच पहिले बुकिंग करा.

बटण दाबले जाते पण ॲप म्हणते, की तुम्ही गाडीजवळ नाही. हे फोनच्या ठिकाणाच्या परवानगीमुळे होते. परवानगी दिली असली तरी ती ढोबळ ठिकाणाची असू शकते, आणि मग ॲपला तुम्ही काही किलोमीटरच्या वर्तुळात कुठेतरी दिसता. आयफोनवर त्या ॲपच्या सेटिंगमध्ये `Location` खाली `Precise Location` सुरू करा. अँड्रॉइडवर `Use precise location`. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी `Nearby devices` अशी वेगळी परवानगी आहे. पहिल्यांदा विचारले तेव्हा ती नाकारली असेल तर ॲप गाडी शोधूच शकत नाही आणि कारणही सांगत नाही.

नुसते चक्र फिरते, संदेश काहीच नाही. आधी स्वतःच्या फोनचा डेटा तपासा, कारण इथे नव्याने आलेल्यांच्या फोनमध्ये दोन सिम असतात. डेटा भारतातल्या सिमवर लावलेला आणि त्याचे रोमिंग बंद. घरी वायफायवर सगळे चालते, रस्त्यावर आल्यावर इंटरनेट नाही. वरच्या पट्टीत नेटवर्कच्या दांड्या पूर्ण दिसतात, म्हणून संशय येत नाही. डेटा डच सिमवर वळवा. ऑफिसचा व्हीपीएन सुरू असेल तर बंद करा. आपल्या घराचे किंवा शेजारच्या कॅफेचे वायफाय अर्धवट पकडलेले असेल तर वायफायही बंद करा.

फोनचे सगळे ठीक आहे, ब्राउझरमध्ये पान उघडते, तरी दार नाही. मग गाडीची बाजू पाहायची. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीच्या पेटीला नेटवर्क मिळत नाही. तिथे ब्लूटूथ सुरू करून चालकाच्या दारापाशी अगदी जवळ उभे राहा आणि पुन्हा दाबा. रस्त्यावर उभी असलेली गाडी काहीच प्रतिसाद देत नसेल, दिवे लुकलुकत नसतील, तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता मोठी. इलेक्ट्रिक गाडीतही ही छोटी बॅटरी वेगळी असते. मोठी बॅटरी ९०% भरलेली ॲपमध्ये दिसते आणि तरी लॉक हलत नाही, ते यामुळे. याला तुमच्याकडे उपाय नाही. कंपनीला फोन करा, ते त्यांच्याकडून एकदा आज्ञा पाठवून पाहतात आणि नाही जमले तर दुसरी गाडी देतात किंवा बुकिंग रद्द करतात. दहा-दहा वेळा बटण दाबू नका. आज्ञा रांगेत साठतात आणि नंतर उघड-बंद-उघड अशा एकदम पोहोचतात.

कधी लॉक उघडल्याचा आवाज येतो, दिवे लागतात, पण तुम्ही हँडल ओढेपर्यंत बंद. बऱ्याच गाड्या अर्ध्या-पाऊण मिनिटात एकही दार उघडले नाही तर आपोआप पुन्हा लॉक होतात. बटण दाबण्याआधी पिशव्या खाली ठेवा आणि चालकाच्या दाराशी जाऊन मगच दाबा. डिकी उघडून सामान भरणे त्यानंतर.

दार उघडले तरी नोंदणीचे काम अजून थोडे उरते. आतले बाहेरून दिसत नाही. सीटवर डाग किंवा भोक, सिगारेटचा वास, तुटलेले बटण, डॅशबोर्डवर पेटलेला दिवा, हे गाडी हलवण्याआधी त्याच मार्गाने नोंदवा. चावी बहुतेक वेळा समोरच्या कप्प्यात, एका खोबणीत बसवलेली असते. ती खोबणीतून ओढल्यावरच इंजिन सुरू होते आणि शेवटी तिथेच परत खोचल्याशिवाय बुकिंग संपत नाही, अशी रचना अनेक गाड्यांत आहे. काही नव्या गाड्यांत चावी नसते, ॲपने उघडल्यावर थेट बटण दाबायचे. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगच्या खांबाला जोडलेली असेल तर खांबाचे कार्ड गाडीतच असते. दार उघडा, कार्ड काढा, खांबाला दाखवून चार्जिंग थांबवा, मग वायर दोन्ही टोकांनी सुटते. जोर लावून ओढू नका. वायर डिकीत ठेवताना प्लगची पिन वाकलेली नाही ना ते पाहा. वाकलेली असेल तर तीही नोंद आजच.

उघडल्यानंतर, बसल्यावर चरा लक्षात आला तर? गाडी हलवू नका. पेटीकडे इंजिन सुरू झाल्याची आणि चाके हलल्याची नोंद असते. ती अजून कोरी असताना केलेली तक्रार उघडण्याआधीच्या तक्रारीइतकी भक्कम नसली, तरी पुष्कळ टिकते. किलोमीटरच्या आकड्याचा एक फोटो घ्या आणि बुकिंग सुरू होतानाचा आकडा ॲपमध्ये दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. दोन्ही आकडे सारखे असले की गाडी जागची हललेली नाही हे दिसते. मग वरच्यासारखे तीन फोटो, नोंद, आणि या वेळी फोनसुद्धा करा.

काही गोष्टी नोंदवून पुढे जाण्यासारख्या नसतात. टायर बसलेला, फुगवटा आलेला किंवा त्याची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी, पुढचा दिवा बंद, चालकाच्या नजरेसमोर काचेला तडा, डॅशबोर्डवर लाल दिवा, यांपैकी काहीही असेल तर गाडी काढू नका. कायद्याने ती चालवण्याची जबाबदारी चालकावर येते, आधी नोंदवले होते म्हणून ती टळत नाही. कंपनीला फोन करून «गाडी चालवण्याजोगी नाही» हे शब्द वापरा आणि दुसरी गाडी मागा. आम्सटलफेनच्या उदाहरणात तसे काही नाही, रिमचा चरा आणि बंपरचा पोचा दोन्ही चालण्यासारखे आहेत. नोंद ९.५७ ला पोहोचली, स्क्रीनशॉट घेतला, १०.०१ ला दार उघडले. दुपारी परत आल्यावर त्याच चार कोपऱ्यांचे प्लेटसह चार फोटो काढा आणि गाडी ॲपमधून बंद केल्यावर हँडल एकदा ओढून पाहा. तुमच्यानंतरच्या चालकाने काही नोंदवले तर त्याच्या वेळेआधीचे तुमचे हे चार फोटो लागतील. कंपनीकडून विचारणा यायला काही आठवडेही लागू शकतात, तोवर ते फोनमधून पुसू नका.